डिफरन्शियल काउंट वाचताना: न्यूट्रोफिल, लिंफोसाइट, इओसिनोफिल का वाढतात आणि ल्युकेमॉइड रिअ‍ॅक्शन म्हणजे काय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिफरन्शियल काउंट म्हणजे नेमकं काय मोजतात?

सीबीसीच्या रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशींचा एकूण आकडा असतो, त्याला टीएलसी म्हणतात. प्रौढांत तो साधारण ४,००० ते ११,००० प्रति मायक्रोलिटर असतो. त्याखाली पाच नावं आणि त्यांचे टक्के दिलेले असतात. हा भाग म्हणजे डिफरन्शियल काउंट. शंभर पांढऱ्या पेशी पाहिल्या तर त्यांत कोणत्या जातीच्या किती निघाल्या, एवढंच तो सांगतो.

निरोगी प्रौढाच्या रक्तात न्यूट्रोफिल सर्वांत जास्त, म्हणजे ४० ते ७५ टक्के असतात. लिंफोसाइट २० ते ४० टक्के, मोनोसाइट २ ते १०, इओसिनोफिल १ ते ६, आणि बेसोफिल एखादाच. प्रत्येक लॅबच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असतात, म्हणून आपल्या रिपोर्टवर छापलेल्या मर्यादाच धराव्यात.

लिंफोसाइटचे टक्के जास्त आले आहेत. म्हणजे लिंफोसाइट वाढले का?

तसं असेलच असं नाही. रिपोर्ट वाचताना सर्वांत जास्त गफलत इथेच होते. टक्के हा शंभरातला वाटा आहे. एकाचा वाटा घटला की दुसऱ्याचा आपोआप वाढलेला दिसतो, प्रत्यक्षात त्या दुसऱ्याची एकही पेशी वाढलेली नसली तरी.

समजा, डेंग्यूच्या तापात एका तरुणीचा टीएलसी ३,२०० आला. न्यूट्रोफिल ३८ टक्के, लिंफोसाइट ५५, मोनोसाइट ५, इओसिनोफिल २. लिंफोसाइटच्या ५५ आकड्यापुढे लाल खूण असेल आणि घरचे तिथेच अडकतील. आता गुणाकार करा. ३,२०० चे ५५ टक्के म्हणजे १,७६०. प्रौढांत लिंफोसाइट १,००० ते ४,००० पर्यंत असतात, म्हणजे हा आकडा अगदी ठीक आहे. न्यूट्रोफिल मात्र ३,२०० चे ३८ टक्के, म्हणजे सुमारे १,२०० आहेत आणि त्यांची खालची मर्यादा २,००० च्या आसपास असते. या मुलीचे लिंफोसाइट वाढलेले नाहीत, न्यूट्रोफिल घटले आहेत.

उलट उदाहरण इओसिनोफिलचं. टीएलसी १४,००० आणि इओसिनोफिल ६ टक्के असतील तर लाल खूण येणार नाही, कारण ६ टक्के हे मर्यादेत आहेत. पण १४,००० चे ६ टक्के म्हणजे ८४०, आणि इओसिनोफिल ५०० च्या वर गेले की ते वाढलेलेच धरतात.

म्हणून माझा आग्रह असतो की टक्क्यांवरून निष्कर्ष काढू नये. बहुतेक रिपोर्टमध्ये आता अ‍ॅब्सोल्यूट काउंट नावाचा स्तंभ असतो. नसेल तर टीएलसीला टक्क्यांनी गुणून शंभराने भागा. न्यूट्रोफिलिया, लिंफोसायटोसिस, इओसिनोफिलिया हे शब्द या संख्येसाठी आहेत. पुढच्या उत्तरांत मी “वाढले” म्हणेन तेव्हा ही संख्याच माझ्या डोळ्यांपुढे असेल.

यंत्र मोजतं, तर मग “स्मिअर पाहा” असं डॉक्टर का लिहून देतात?

यंत्र हजारो पेशी मोजतं, त्यामुळे नेहमीच्या पाच जातींच्या मोजणीत ते माणसापेक्षा नेमकं असतं. माणूस स्मिअरवर, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरात, शंभरच पेशी मोजतो. शंभरांत पाच इओसिनोफिल सापडले, तर त्या रक्तातलं खरं प्रमाण साधारण २ ते ११ टक्क्यांमध्ये कुठेही असू शकतं. हा कुणाच्या हाताचा दोष नाही, इतक्या कमी पेशी मोजल्या की एवढा फरक पडायचाच. काल ४ आणि आज ७ आले म्हणून “दोन दिवसांत वाढले” असं ठरवणं त्यामुळेच चुकीचं.

पण अनोळखी पेशी समोर आली की यंत्र अडतं. अपरिपक्व पेशी, ब्लास्ट म्हणजे त्यांतल्या सर्वांत कोवळ्या पेशी, व्हायरलमध्ये दिसणारे मोठे निळसर लिंफोसाइट यांच्यापुढे ते फक्त शंकेची खूण करतं. कधी कधी ते केंद्रक असलेल्या तांबड्या पेशींनाही पांढऱ्या समजून मोजतं. थॅलेसेमिया मेजर असलेल्या मुलात हे नेहमी पाहायला मिळतं. शंभर पांढऱ्या पेशींमागे अशा ५० तांबड्या पेशी दिसल्या आणि यंत्राने ३०,००० दाखवले, तर ३०,००० ला शंभराने गुणून १५० ने भागायचं. खरा टीएलसी २०,००० निघतो.

स्मिअरलाही त्याच्या अटी आहेत. जांभळ्या टोपीच्या नळीतलं रक्त काही तास पडून राहिलं की पेशी बिघडू लागतात. न्यूट्रोफिलमध्ये पोकळ्या दिसतात, त्या जंतुसंसर्गातही दिसतात आणि शिळ्या रक्तातही. काचेवर थर ओढताना मोठ्या पेशी कडेला आणि शेपटाकडे सरकतात. त्यामुळे फक्त मधल्या भागात मोजलं तर त्या कमी भरतात आणि फक्त शेपटाकडे मोजलं तर जास्त. रक्त ताजं असताना काच बनवणं आणि कडेपासून आत, परत कडेकडे अशी नागमोडी मोजणी करणं, ही दोन पथ्यं पाळली की निम्मे घोळ टळतात.

न्यूट्रोफिल वाढले म्हणजे इन्फेक्शनच ना?

बऱ्याचदा हो. न्यूमोनिया, अपेंडिक्स, मूत्रमार्गाचा संसर्ग, गळू, यकृतात किंवा फुप्फुसात साठलेला पू अशा जिवाणूंच्या आजारांत न्यूट्रोफिल ७,००० च्या वर जातात. पण याखेरीज बरीच कारणं आहेत आणि ती माहीत नसली की गरज नसताना अँटिबायोटिक सुरू होतं.

त्यासाठी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. रक्तातले जवळपास निम्मे न्यूट्रोफिल प्रवाहात वाहत नसतात. नदीच्या काठाला लागून राहिलेल्या पानांसारखे ते रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून असतात. सुईत येतं ते वाहतं रक्त, त्यामुळे काठावरचे न्यूट्रोफिल मोजणीत येतच नाहीत. माणूस धावत आला, घाबरला, त्याला झटका आला, बाळ कर्कश रडलं, की अ‍ॅड्रिनलिनमुळे हे न्यूट्रोफिल प्रवाहात येतात आणि काही मिनिटांत आकडा चढतो. एकही नवी पेशी तयार झालेली नसते. अशी वाढ तासाभरात ओसरू लागते.

ऊती मरते तेव्हाही न्यूट्रोफिल वाढतात. हार्ट अटॅक, भाजणं, मोठं ऑपरेशन, हाड मोडणं, स्वादुपिंडाची सूज ही त्याची नेहमीची उदाहरणं. मोठा रक्तस्राव झाल्यावर वाढतात. गरोदरपणात, विशेषतः प्रसूतीच्या वेळी वाढतात, आणि कळा सुरू असताना १५,००० च्या पुढचा टीएलसी एरवी ठणठणीत असलेल्या बाईतही दिसतो. रोज सिगारेट ओढणाऱ्या माणसात आकडा वर्षानुवर्षं थोडा चढा राहतो.

जिवाणू संसर्गाची बाजू जड करणारी खूण आकड्यात कमी आणि काचेवर जास्त असते. बँड पेशी, म्हणजे केंद्रक अजून खंडांत विभागलेलं नाही असे कोवळे न्यूट्रोफिल, वाढलेले दिसतात. याला शिफ्ट टू लेफ्ट म्हणतात. शिवाय न्यूट्रोफिलच्या आत जाड, गडद जांभळे कण दिसतात, त्यांना टॉक्सिक ग्रॅन्युल म्हणतात, आणि कडेला फिकट निळे ठिपके दिसतात, ते ड्योले बॉडीज. अस्थिमज्जेवर एवढा ताण आहे की पेशी पुरती तयार होण्याआधीच ती बाहेर सोडते आहे, हे या खुणांवरून कळतं.

स्टेरॉइड सुरू आहे आणि टीएलसी १६,००० आला. काळजी करायची का?

स्टेरॉइडचा एक डोस घेतल्यावर चार ते सहा तासांत न्यूट्रोफिल काही हजारांनी वाढतात. ते अस्थिमज्जेतल्या साठ्यातून बाहेर येतात, भिंतीवरचे सुटतात, आणि रक्तातून ऊतींमध्ये जाणं कमी होतं. तीन्ही गोष्टी एकाच दिशेने काम करतात. रोज गोळी सुरू असेल तर वाढ टिकून राहते. त्याच वेळी लिंफोसाइट आणि इओसिनोफिल घटतात. टीएलसी चढा, न्यूट्रोफिल बरेच, इओसिनोफिल शून्य, बँड पेशी नगण्य आणि टॉक्सिक ग्रॅन्युल नाहीत, असं चित्र असेल तर ते बहुधा गोळीचं आहे. बँड पेशी ठळक वाढल्या असतील किंवा ताप असेल तर ते गोळीवर ढकलून चालत नाही, कारण स्टेरॉइड घेणाऱ्याला संसर्ग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्तच असतो.

काउंट नॉर्मल आहे, मग इन्फेक्शन नाही असं धरायचं का?

नाही. टायफॉइड हे त्याचं आपल्याकडचं ठसठशीत उदाहरण. आठवडाभर चढता ताप असतो आणि टीएलसी ५,००० च्या आसपास किंवा त्याहूनही कमी येतो. इओसिनोफिल मात्र बहुतेकदा शून्यावर आलेले असतात. त्यावरून टायफॉइड सिद्ध होत नाही, त्यासाठी ब्लड कल्चरच लागतं. पण नॉर्मल काउंट पाहून निर्धास्त होऊ नये, एवढं नक्की.

गंभीर जंतुसंसर्गात काउंट घसरणं हे वाढण्यापेक्षा वाईट लक्षण असतं. टीएलसी २,५०० आणि त्यात बँड पेशी ३० टक्के असतील, तर साठा संपत आला आहे आणि अस्थिमज्जा मिळेल ते बाहेर सोडते आहे असा त्याचा अर्थ. असा रिपोर्ट हातात आला की मी स्वतः फोन करून डॉक्टरांना कळवते.

लिंफोसाइट खरोखर वाढतात ते कशाने?

प्रौढात ४,००० च्या वर गेले तर ते खरोखर वाढलेले. तरुण वयात, घसा दुखून ताप, मानेत गाठी आणि प्रचंड थकवा असेल तर इन्फेक्शियस मोनोन्यूक्लिओसिसचा विचार येतो. त्यात लिंफोसाइट मोठे होतात, त्यांचा निळसर पेशीद्रव शेजारच्या तांबड्या पेशींना कवटाळल्यासारखा पसरतो. सायटोमेगॅलो व्हायरस आणि हिपॅटायटिसमध्येही असे लिंफोसाइट दिसतात. अपघात किंवा हार्ट अटॅकनंतर काही तासांपुरते लिंफोसाइट वाढतात आणि मग खाली येतात. प्लीहा काढून टाकलेल्यांत थोडी वाढ कायम राहू शकते.

लहान मुलांत डांग्या खोकला आठवावाच लागतो. तो जिवाणूंचा आजार आहे, म्हणजे नियमाने न्यूट्रोफिल वाढायला हवेत. पण या जिवाणूचं विष लिंफोसाइटना रक्तातून लसिकाग्रंथींत परत जाऊ देत नाही, म्हणून ते रक्तातच साठत जातात आणि टीएलसी सहज २०,००० किंवा ३०,००० च्या पुढे जातो. पेशी लहान आणि परिपक्व असतात, काहींच्या केंद्रकाला चीर पडल्यासारखी दिसते. तान्ह्या बाळात ही संख्या फार वेगाने चढत असेल तर ती धोक्याची सूचना असते. पेशींच्या गर्दीने फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबतात.

माझ्या दोन वर्षांच्या मुलाचे लिंफोसाइट ६० टक्के आहेत.

त्या वयात ते असायचेच. जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच लिंफोसाइट न्यूट्रोफिलच्या पुढे जातात आणि साधारण चार-पाच वर्षांचं होईपर्यंत पुढेच राहतात. रिपोर्टवर प्रौढांच्या मर्यादा छापलेल्या असतील तर मुलाच्या आकड्यापुढे लाल खूण येते. लॅबला वयानुसार मर्यादा विचारा.

वडील ६८ वर्षांचे आहेत. काही त्रास नाही, पण लिंफोसाइट दर वेळी वाढलेलेच येतात.

या वयात, त्रास नसताना, महिनोन्‌महिने लिंफोसाइट चढे राहिले तर क्रॉनिक लिंफोसायटिक ल्युकेमियाची शक्यता तपासावी लागते. काचेवर लहान, परिपक्व, एकसारखे लिंफोसाइट असतात आणि मध्ये मध्ये फुटून पसरलेल्या पेशी दिसतात, त्यांना स्मज सेल म्हणतात. निदानासाठी एकाच वंशाच्या बी लिंफोसाइटची संख्या ५,००० किंवा त्याहून जास्त आणि ती किमान तीन महिने टिकून, असा निकष आहे. ते रक्ताच्या फ्लो सायटोमेट्रीने कळतं, बोन मॅरोची सुई बहुतेकदा लागत नाही. निदान झालं तरी कितीतरी रुग्णांना लगेच औषध लागत नाही, ठरावीक अंतराने तपासत राहणं पुरतं. नाव ऐकून हादरून जाऊ नका, पण रिपोर्ट फाइलला लावून विसरूही नका.

इओसिनोफिल वाढलेत, म्हणजे जंत झालेत का?

जंत हे एक कारण आहे, पण सगळे जंत इओसिनोफिल वाढवत नाहीत. जे ऊतींमधून प्रवास करतात ते वाढवतात. हुकवर्म, फुप्फुसातून जात असताना गोल जंत, स्ट्राँगिलॉइड्स, हत्तीरोगाचे जंत हे त्यांतले. अमिबा आणि जिआर्डिया आतड्यात कितीही धुमाकूळ घालोत, इओसिनोफिल सहसा वाढवत नाहीत. म्हणून इओसिनोफिल १,२०० आणि शौच तपासणीत अमिबा, एवढ्यावर उत्तर सापडलं असं धरू नये.

रोजच्या कामात मात्र सर्वांत जास्त कारण अ‍ॅलर्जीचं निघतं. दमा, सकाळच्या शिंका आणि एक्झिमा यांत आकडा ५०० ते १,५०० च्या पट्ट्यात राहतो. तिसरं मोठं कारण औषधं. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, अ‍ॅलोप्युरिनॉल, सल्फा ही औषधं सुरू केल्यावर दोन ते आठ आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज आणि इओसिनोफिलची वाढ असं एकत्र आलं, तर तो गंभीर प्रकार असतो. त्यात यकृतालाही इजा होते. रुग्णाने त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं.

१,५०० च्या वर आकडा सतत राहिला तर कारण शोधलंच पाहिजे. इओसिनोफिलच्या कणांतली रसायनं दीर्घकाळात हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करतात. अशा वेळी इकोकार्डिओग्राफी सांगतात, ती उगाच नसते.

रात्रीचा खोकला, दमा समजून उपचार झाले, आणि इओसिनोफिल ५,००० आहेत. हे काय असेल?

हे चित्र ऐकलं की ट्रॉपिकल पल्मनरी इओसिनोफिलियाचा विचार करायलाच हवा. १९४० मध्ये फ्रिमॉट-मोलर आणि बार्टन यांनी भारतातूनच या विकाराचं वर्णन केलं, क्षयासारखा दिसणारा पण क्षय नसलेला आजार म्हणून. १९४३ मध्ये वाइनगार्टन यांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं आणि आर्सेनिकच्या इंजेक्शनांनी तो बरा होतो हे नोंदवलं. कारण पुढे उलगडलं. हत्तीरोगाच्या जंतांच्या सूक्ष्म पिल्लांविरुद्ध शरीराची ही अतितीव्र प्रतिक्रिया असते. पिल्लं फुप्फुसातच अडकून मारली जातात, म्हणून रात्री रक्त घेऊनही ती काचेवर सापडत नाहीत. तपासणी निगेटिव्ह आल्यावर पुष्कळ जण इथेच वाट चुकतात.

इओसिनोफिल ३,००० च्या वर, आयजीई हे अ‍ॅलर्जीत वाढणारं प्रतिद्रव्य खूप चढलेलं, रात्री उठवणारा खोकला आणि हत्तीरोग असलेल्या भागात वास्तव्य, यावर निदान उभं राहतं. आपल्याकडे पूर्व विदर्भात गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, आणि कोकणपट्टीत हत्तीरोग आढळत आला आहे. म्हणून पुण्या-मुंबईत राहणाऱ्या रुग्णालाही मूळ गाव विचारावंच. डायइथाइलकार्बामाझिन साधारण तीन आठवडे दिल्यावर खोकला आणि आकडा दोन्ही उतरतात. वर्षानुवर्षं दम्याचेच उपचार होत राहिले तर फुप्फुसात कायमचे व्रण पडतात.

इथे एक गोष्ट जीव तोडून सांगते. इओसिनोफिल वाढलेले असताना, कारण न शोधता, खोकला थांबावा म्हणून स्टेरॉइडचा कोर्स घेऊ नका. आकडा दोन दिवसांत शून्यावर येईल आणि सगळ्यांना बरं झाल्यासारखं वाटेल. पण अंगात स्ट्राँगिलॉइड्स असतील तर स्टेरॉइडखाली ते बेसुमार वाढून शरीरभर पसरतात, आणि तो आजार जीवघेणा ठरू शकतो.

ल्युकेमॉइड रिअ‍ॅक्शन म्हणजे काय? तो कॅन्सर असतो का?

तो रक्ताचा कॅन्सर नसतो. टीएलसी ५०,००० च्या वर गेलेला असतो, काचेवर कोवळ्या पेशी दिसतात, त्यामुळे चित्र ल्युकेमियासारखं वाटतं. पण अस्थिमज्जा निरोगी असते आणि बाहेरच्या एखाद्या तीव्र कारणाला जोरदार प्रतिसाद देत असते. साठलेला पू, सेप्सिस, पसरलेला क्षय, अँटिबायोटिकनंतर क्लॉस्ट्रिडियममुळे होणारा मोठ्या आतड्याचा दाह, मोठा रक्तस्राव किंवा तांबड्या पेशींचा झपाट्याने नाश, ही त्यामागची मुख्य कारणं. किमोथेरपीनंतर पेशी वाढवायला देतात त्या जी-सीएसएफच्या इंजेक्शनानेही असं होतं. आणि फुप्फुस किंवा मूत्रपिंडाच्या काही गाठी हेच जी-सीएसएफ स्वतः तयार करतात. म्हणून ल्युकेमॉइड म्हटलं की सुटलो असं नाही, कारण शोधणं तिथून सुरू होतं.

मग ल्युकेमिया आणि ल्युकेमॉइड वेगळे ओळखतात कसे?

प्रश्न मुख्यतः क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमियाशी, म्हणजे सीएमएलशी असतो. दोन रिपोर्ट शेजारी ठेवून पाहू. दोन्ही उदाहरणं समजावण्यासाठी रचलेली आहेत. त्यांतल्या मेटामायलोसाइट, मायलोसाइट, प्रोमायलोसाइट आणि ब्लास्ट या बँडपेक्षा क्रमाने अधिकाधिक कोवळ्या पेशी.

पहिला रुग्ण ५८ वर्षांचा, मधुमेही. आठ दिवस थंडी वाजून ताप, उजव्या कुशीत दुखतंय. टीएलसी ६२,०००. काचेवर न्यूट्रोफिल ७८, बँड १२, मेटामायलोसाइट ४, मायलोसाइट २, लिंफोसाइट ३, मोनोसाइट १. इओसिनोफिल आणि बेसोफिल एकही नाही.

दुसरा रुग्ण ४२ वर्षांचा. ताप नाही. तीन महिन्यांत वजन घटलंय, थोडं जेवलं की पोट भरल्यासारखं वाटतं. टीएलसी हाच, ६२,०००. न्यूट्रोफिल ४४, बँड १४, मेटामायलोसाइट ८, मायलोसाइट २०, प्रोमायलोसाइट ३, ब्लास्ट १, इओसिनोफिल ४, बेसोफिल ५, लिंफोसाइट १.

एकूण आकडा तोच आहे, म्हणून फरक आतल्या मांडणीत शोधायचा. पहिल्यात पेशी जितकी कोवळी तितकी ती कमी, अशी उतरती रांग आहे. न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक ग्रॅन्युल आणि ड्योले बॉडीज भरपूर आहेत. दुसऱ्यात मायलोसाइट हे मेटामायलोसाइटपेक्षा जास्त आहेत, म्हणजे रांगेच्या मध्येच फुगवटा आहे. असा फुगवटा सीएमएलकडे बोट दाखवतो. न्यूट्रोफिलमध्ये टॉक्सिक बदल नाहीत.

पण माझी नजर सर्वांत आधी जाते ती बेसोफिलकडे. ६२,००० चे ५ टक्के म्हणजे ३,१०० बेसोफिल, जिथे निरोगी माणसात शंभरच्या आसपास असतात. संसर्गाने बेसोफिल असे वाढत नाहीत. इओसिनोफिलही तसेच. तीव्र जिवाणू संसर्गात ते नाहीसे होतात, आणि इथे ते सुमारे २,५०० आहेत. कुणी फक्त टक्के पाहून “इओसिनोफिल ४, नॉर्मल” असं म्हणून पुढे गेलं, तर निदानाची खूणच हातातून निसटते. लिंफोसाइटचं याच्या उलट आहे. पहिल्या रुग्णात ३ टक्के पाहून ते फार घटले असं वाटतं, पण ६२,००० चे ३ टक्के १,८६० होतात, अगदी नॉर्मल.

काचेनंतर रुग्ण तपासायचा. दुसऱ्याची प्लीहा बरगडीखाली बोटांना लागते, म्हणूनच त्याचं पोट लवकर भरतं. पहिल्याची सोनोग्राफी केली तर यकृतात मोठं गळू निघतं. सुईने पू काढल्यावर आणि अँटिबायोटिक सुरू झाल्यावर आकडा दर दोन-तीन दिवसांनी उतरू लागतो. ६२,००० वरून ३८,०००, मग १९,०००. कारण दूर केल्यावर आकडा उतरणं हाच ल्युकेमॉइडचा सर्वांत भक्कम पुरावा. सीएमएलमध्ये अँटिबायोटिकने तो उतरत नाही.

त्यासाठी एखादी ठोस तपासणी नाही का?

आहे. सीएमएलमध्ये ९ आणि २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झालेली असते. त्यातलं आखूड झालेलं गुणसूत्र १९६० मध्ये फिलाडेल्फियात नोव्हेल आणि हंगरफर्ड यांनी पाहिलं, म्हणून त्याला फिलाडेल्फिया गुणसूत्र म्हणतात. ती अदलाबदल असल्याचं १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्यातून तयार होणारं बीसीआर-एबीएल हे जोडजनुक रक्ताच्या नमुन्यात पीसीआरने शोधता येतं. ते सापडलं तर सीएमएल. ल्युकेमॉइडमध्ये ते नसतं.

पूर्वी यासाठी एलएपी स्कोअर करत. न्यूट्रोफिलमधलं एक एन्झाइम रंगवून गुण द्यायचे. ल्युकेमॉइडमध्ये स्कोअर चढा, सीएमएलमध्ये खूप कमी. जिथे पीसीआर दूर आहे तिथे तो आजही कामाचा आहे. पण गरोदरपणात किंवा सीएमएलच्या रुग्णाला संसर्ग झाला असताना तो फसवू शकतो. आणि क्रॉनिक न्यूट्रोफिलिक ल्युकेमिया या दुर्मीळ आजारातही तो चढाच असतो. त्यामुळे आकडा उतरत नसेल आणि बीसीआर-एबीएलही निगेटिव्ह असेल, तर रक्तविकारतज्ज्ञांकडे जायलाच हवं.

ल्युकेमॉइड नेहमी न्यूट्रोफिलचीच असते का?

बहुतेकदा. डांग्या खोकल्यात ती लिंफोसाइटची होते, आणि मूल लहान असल्याने घरच्यांच्या मनात लगेच ब्लड कॅन्सर येतो. तिथे काच उत्तर देते. पेशी परिपक्व असतात, ब्लास्ट नसतात, हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट ठीक असतात. अक्यूट ल्युकेमियात सहसा या दोन्हींपैकी निदान एक तरी घसरलेलं असतं.

रिपोर्ट हातात आहे. कधी धावायचं आणि कधी थांबायचं?

काचेवर ब्लास्ट लिहिलेत, किंवा पांढऱ्या पेशी चढ्या असताना हिमोग्लोबिन आणि प्लेटलेट घसरलेत, किंवा टीएलसी ५०,००० च्या वर आहे, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. न्यूट्रोफिल ५०० च्या खाली आणि अंगात ताप असेल तर रात्र असली तरी दवाखाना गाठायचा. सर्दी-तापात टीएलसी १३,००० आला आणि माणूस सुधारतोय, तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी पुरे. दुसऱ्या दिवशी लगेच पुन्हा रक्त देऊन फारसं हाती लागत नाही.

दुसऱ्या वेळी शक्यतो त्याच लॅबमध्ये, सकाळी, धावपळ न करता द्या. गेल्या महिनाभरात घेतलेल्या सगळ्या औषधांची नावं सोबत न्या, दम्याचा पंप आणि कुणाच्या सांगण्यावरून घेतलेलं “शक्तीचं” इंजेक्शनसुद्धा. त्यात स्टेरॉइड असू शकतं. आणि जुने रिपोर्ट टाकू नका. आजचा ९,५०० चा लिंफोसाइट काउंट दोन वर्षांपूर्वी ६,००० होता की २,०००, यावर पुढचा सगळा तपास ठरतो.